बटाटा आधी गुलाबी होतो

मागच्या मार्चमध्ये आत्याकडे वेफर्स घालायला गेले होते, पाच किलो बटाटे, दोन किसण्या, गच्चीवर धुतलेलं प्लास्टिक अंथरलेलं, सगळं नेहमीसारखं. पहिली दोन पातेली मस्त निघाली, चकत्या दुधासारख्या पांढऱ्या, आणि तिसरं पातेलं पूर्ण राखाडी. बटाटे एकाच पोत्यातले, पाणी तेच, तुरटी तीच, ऊनही तेच. आत्या म्हणाली, "अगं बटाटाच खराब असेल एखादा." पण एखादा बटाटा खराब असला तर एखादीच चकती काळी पडेल ना, अख्खं पातेलं कसं पडेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, एन्झाइमवर दरवर्षी तास घेते, आणि माझ्याच समोर एका एन्झाइमने दीड-दोन किलो बटाटे काळे केले होते आणि मला ते थांबवता आलं नव्हतं, ह्याचं मला खरंच वाईट वाटलं. म्हणून मग घरी येऊन नीट बसले ह्याच्यामागे, बटाटा, सफरचंद, केळं तिन्ही घेऊन.

आधी मुळात होतं काय ते सांगते. बटाट्याच्या पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या असतात. एका खोलीत फिनॉल जातीची रसायनं, म्हणजे पेशीच्या मधोमध जी रसाची मोठी पिशवी असते तिच्यात. आणि दुसऱ्या खोलीत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम. मधे पातळ पडदे. जोपर्यंत पडदे शाबूत तोपर्यंत बटाटा महिनाभर टोपलीत पडून राहिला तरी आतून पांढराच. सुरी फिरली की पडदे फाटतात, दोघं एकत्र येतात आणि वरून हवेतला ऑक्सिजन मिळतो. ह्या एन्झाइमच्या कामाच्या जागी तांब्याचे दोन अणू बसलेले असतात, ते ऑक्सिजनला धरून ठेवतात आणि फिनॉलचं क्विनोन करतात. एन्झाइमचं काम इथेच संपतं. पुढे ही क्विनोनं एन्झाइमशिवायच एकमेकांना चिकटत चिकटत मोठे रेणू बनवतात, आणि तो तपकिरी-काळा रंग. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन ह्याच घराण्यातलं आहे, तिथेही तांबंवालं एन्झाइमच काम करतं.

झाड हे उगाच करत नाही. अळीने पान चावलं की तिथे क्विनोनं तयार होतात आणि ती अळीच्या पोटातल्या प्रोटीनला चिकटतात, तिला ते पान पचायला जड जातं. म्हणजे आपल्या सुरीला बटाटा अळीच समजतो. आणि हेच एन्झाइम चहाच्या पानात असतं, पानं चुरडून ठेवली की हिरव्याचा काळा चहा होतो तो ह्याच्यामुळेच, तिथे ते आपल्याला हवं असतं.

आता तिन्हींतला फरक, जो मला शिकवताना कधी इतका महत्त्वाचा वाटला नव्हता. सफरचंदात मुख्यतः क्लोरोजेनिक ॲसिड आणि कॅटेचिनसारखी फिनॉल असतात, त्यामुळे ते पिवळट मग तपकिरी होतं. बटाट्यात क्लोरोजेनिक ॲसिड आहेच पण टायरोसीन नावाचं अमिनो ॲसिडही भरपूर असतं, आणि टायरोसीनपासून काळ्यापर्यंत जाताना मधे एक लालसर रंगाचा टप्पा लागतो. म्हणून किसलेला बटाटा आधी गुलाबी दिसतो, मग विटकरी, मग राखाडी-काळा. हा गुलाबी रंग म्हणजे फार उपयोगाची खूण आहे, पुढे सांगते. आणि केळ्यात चक्क डोपामिन असतं, हो, मेंदूतलं तेच, सालीत तर गरापेक्षा खूप जास्त (खाऊन ते मेंदूत पोहोचत नाही हे लगेच सांगून टाकते, कारण आमच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो).

आणि दुसरा फरक आंबटपणाचा. ह्या एन्झाइमला साधारण पीएच 5 ते 7 मधे काम करायला आवडतं, 3 च्या खाली गेलं की ते जवळजवळ बंद पडतं. बटाट्याचा पीएच 6 च्या आसपास, केळ्याचा 5 च्या आसपास, म्हणजे दोघंही एन्झाइमच्या अगदी आवडीच्या जागी. सफरचंद स्वतःच थोडं आंबट, साडेतीन-चार. त्यामुळे सफरचंदात एन्झाइमला आधीच थोडा ब्रेक लागलेला असतो, आपण थोडा अजून दाबला की गाडी थांबते. बटाट्याचं तसं नाही.

तर तिसऱ्या पातेल्याकडे परत येते. आत्याची पद्धत अशी की बटाटे सोलून लगेच पाण्यात, किसणीवर चकत्याही थेट पाण्याच्या घमेल्यातच पाडायच्या, पाण्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवायचा, दोन-तीन पाणी बदलायची, मग उकळत्या मिठाच्या पाण्यात चकत्या टाकून अर्ध्याकच्च्या शिजवायच्या आणि उन्हात. ह्यातली प्रत्येक गोष्ट बरोबर आहे आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. पाण्यात ठेवण्याचं कारण ऑक्सिजन. एक लिटर हवेत साधारण 275 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, एक लिटर साध्या पाण्यात विरघळलेला 8 मिलिग्रॅमच्या आसपास. तीसपट कमी! शिवाय कापलेल्या पेशींतून बाहेर आलेला रस, म्हणजे फिनॉल आणि एन्झाइम दोन्ही, पाण्यात धुऊन जातं, म्हणून पाणी बदलायचं. पण पाण्याने एन्झाइम मरत नाही, फक्त उपाशी राहतं. चकती वर तरंगून एक कोपरा बाहेर आला तर तेवढाच कोपरा लाल होतो, हे कुणीही बघू शकतं, त्यावर एक ताटली दाबून ठेवली की काम होतं. तुरटीने पाणी आंबट होतं, म्हणून एन्झाइम मंदावतं, आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट करतं म्हणून चकत्या शिजताना फुटत नाहीत. आमच्या आजीला पेक्टिन माहीत नव्हतं पण चकत्या "करकरीत राहतात" हे माहीत होतं.

खरा मुद्दा उकळीचा. गरम पाण्यात टाकणं ही एकच पायरी अशी आहे जिथे एन्झाइम कायमचं संपतं, बाकी सगळीकडे ते नुसतं थांबवलेलं असतं. साधारण 80-90 डिग्रीला पातळ चकतीत ते दोन-तीन मिनिटांत निकामी होतं. पण 50-60 डिग्रीला काय होतं? तिथे पेशींचे पडदे फुटतात, म्हणजे फिनॉल आणि एन्झाइम आणखी एकत्र येतात, आणि एन्झाइम मात्र अजून जिवंत असतं. म्हणजे न शिजवलेल्या बटाट्यापेक्षाही वाईट अवस्था. आणि तिसऱ्या पातेल्यात आम्ही नेमकं हेच केलं होतं. ऊन चढत होतं, घाई झाली, आणि सहा लिटर पाण्यात जवळजवळ दोन किलो चकत्या एकदम ओतल्या. उकळी बसली. मला आठवतं मी झाकण ठेवलं आणि आम्ही चहा प्यायलो, परत उकळी फुटायला दहा मिनिटं तरी लागली असतील. तेवढा वेळ वरच्या चकत्या कोमट पाण्यात, अर्ध्या हवेत. मग कडा पारदर्शक दिसल्यावर झाऱ्याने काढल्या, पण मध्य कच्चाच. गच्चीवर पसरल्यावर अर्ध्या तासात मधोमध गुलाबी गोल दिसायला लागले, कड पांढरी आणि मध्य गुलाबी, मग तेच राखाडी होत पसरले. आत्ता मला ते गुलाबी गोल म्हणजे स्पष्ट लिहिलेलं उत्तर वाटतं, इथपर्यंत उष्णता पोहोचली आणि इथे नाही.

ह्या मार्चला आम्ही प्रमाण बदललं. अर्धा किलो चकत्यांना चार लिटर खळखळ उकळतं पाणी, आणि कसोटी एकच, चकत्या टाकल्यावर एका मिनिटाच्या आत परत उकळी यायला हवी. नाही आली तर पुढच्या वेळी चकत्या कमी. उकळी आली की तिथून तीन मिनिटं, जाड किसणी असेल तर चार. नख सहज रुतलं पाहिजे पण चकती उचलताना तुटता नये. आणि पहिल्या घाण्यातली एक चकती मधोमध मोडून ताटलीत पंधरा मिनिटं ठेवायची, मोडलेल्या जागी गुलाबी झाक आली नाही तर एन्झाइम मेलं, बाकीच्या निर्धास्त टाका. पाच किलोला दहा घाणे झाले, गॅस जास्त गेला, दुपार झाली. पण एकही चकती राखाडी नाही. आत्याने डबा भरताना प्रत्येक चकती उजेडाला धरून बघितली.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगून टाकते कारण दोन्हींची गल्लत होते. कधी कधी बटाटा पूर्ण उकडलेला असतो, सोलल्यावर पांढरा असतो आणि तासाभराने एका टोकाला निळसर-करडा होतो. हे एन्झाइमचं काम नाही, ते तर उकडताना केव्हाच गेलं. ते बटाट्यातलं लोह आणि क्लोरोजेनिक ॲसिड ह्यांचं जोडकाम, आधी रंगहीन असतं, हवा लागली की लोहाची अवस्था बदलते आणि निळा-करडा रंग येतो. त्याला उकळीचा उपाय नाही, उकडताना पाण्यात थोडं लिंबू पिळलं की सायट्रिक ॲसिड लोहाला धरून ठेवतं आणि रंग येत नाही. लोखंडी विळीवर चिरलेलं सफरचंद जास्त काळपट दिसतं त्यामागेही हेच लोह आहे. फळं चिरायला स्टीलची सुरी घ्यावी, तीही धार असलेली, बोथट सुरी पेशी कापत नाही, चिरडते, आणि जितक्या पेशी फुटतील तितका रंग.

सफरचंदाला अर्थातच उकळत्या पाण्यात घालून चालत नाही. माझ्या मुलीचा डबा सकाळी सात वाजता भरतो आणि ती फोडी खाते साडेदहाला, साडेतीन तास. तपकिरी फोड खाल्ल्याने काही होत नाही, ती सडलेली नसते, पण नऊ वर्षांच्या मुलीला वर्गात ती उघडायची नसते आणि मला तिचं म्हणणं कळतं. म्हणून एका रविवारी हिमाचलचं एकच लाल सफरचंद घेतलं, त्याच्या फोडी पाच वाट्यांत वाटल्या, मुद्दाम एकाच सफरचंदाच्या कारण जातीजातीत फिनॉल वेगवेगळी असतात आणि तुलना फसते. एक वाटी तशीच. एक साध्या पाण्यात बुडवून काढलेली. एक मिठाच्या पाण्यात, एका कपाला अर्धा चहाचा चमचा मीठ, दहा मिनिटं, मग साध्या पाण्यात खळबळून. एक लिंबाच्या पाण्यात, एका कपाला एक मोठा चमचा रस. आणि एक व्हिटॅमिन सीच्या पाण्यात, बेकिंगच्या दुकानात ॲस्कॉर्बिक ॲसिडची पावडर मिळते ती, एक लिटरला एक ग्रॅम. चघळायच्या केशरी गोळ्या कुटून घातल्या तरी चालतात पण फोडींना केशरी रंग आणि संत्र्याची चव येते.

तशीच ठेवलेली पंधरा मिनिटांत पिवळी. नुसत्या पाण्यातून काढलेली तिच्यापेक्षा थोडी बरी, पण तासाभरात तीही गेली, कारण पाण्याबाहेर आल्यावर ऑक्सिजन परत मिळाला. लिंबाची दोन-अडीच तास छान, मग कडांना रंग. मिठाची चार तास टिकली, ह्याचं मला आश्चर्य वाटलं नाही पण मुलीला वाटलं. मिठातलं क्लोराइड एन्झाइमच्या तांब्यापाशी जाऊन अडथळा करतं, आणि आजूबाजूला आंबटपणा असेल तेव्हाच हा अडथळा जोरात चालतो. म्हणून सफरचंदाला मीठ लागू पडतं आणि कच्च्या बटाट्याला तेवढं पडत नाही, बटाट्यात आंबटपणाच नाही. खारट लागत नाही का? नाही, धुतल्यावर अजिबात नाही, उलट थोडी गोडच लागते.

पण सगळ्यात वेगळं वागली व्हिटॅमिन सीची वाटी. चार तासांनी ती नुकती कापल्यासारखी होती, पाचव्या तासालाही, आणि मग संध्याकाळी अचानक, अर्ध्या-पाऊण तासात, सगळ्या फोडी एकदम तपकिरी व्हायला लागल्या. बाकीच्या वाट्या हळूहळू गडद होत गेल्या, ही मात्र पांढरी होती तोवर पांढरी आणि मग गेली ती गेलीच. कारण व्हिटॅमिन सी एन्झाइमला फारसं थांबवतच नाही. एन्झाइम आपलं क्विनोन बनवत असतं आणि व्हिटॅमिन सी त्या क्विनोनला लगेच परत फिनॉल करून टाकतं, रंग बनायच्या आतच. एक जण भांडी खरकटी करतोय आणि दुसरा मागेमागे घासतोय, साबण आहे तोवर ओटा स्वच्छ दिसतो. प्रत्येक वेळी थोडं व्हिटॅमिन सी संपतं, आणि ज्या क्षणी संपतं त्या क्षणी एन्झाइम पूर्ण ताकदीने हजर असतं. लिंबाची गोष्ट उलटी, लिंबात व्हिटॅमिन सी आहे पण मुख्य काम त्याच्या सायट्रिक ॲसिडचं, ते पीएच खाली आणतं आणि तांब्यालाही धरून ठेवतं, एन्झाइमच मंद करतं. म्हणून दोन्ही एकत्र घातलं की सगळ्यात जास्त टिकतं, लिंबाने एन्झाइम हळू चालतं आणि त्यामुळे व्हिटॅमिन सी हळू संपतं. हे मी पुढच्या रविवारी करून बघितलं, रात्री फ्रिजमध्ये ठेवलेल्या फोडी सकाळी पांढऱ्या होत्या.

रोज एवढं मी करत नाही. रोज मिठाचं पाणी, आणि डब्यात फोडी परत जुळवून अख्ख्या सफरचंदासारख्या करून रबर लावते, फोडी एकमेकींना चिकटून असल्या की मधे हवाच जात नाही. कॅनडात तर एका कंपनीने हे एन्झाइम जवळजवळ बनणारच नाही असं सफरचंद जनुकं बदलून केलं, अमेरिकेत 2015 ला त्याला परवानगीही मिळाली. कापून ठेवलं की पांढरंच राहतं. सडतं मात्र इतर सफरचंदांसारखंच, रंग आणि सडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यावरून चांगलं कळतं.

केळ्याबाबत मी हात टेकले असं नाही म्हणणार, पण केळं सगळ्यात अवघड. पाण्यात ठेवता येत नाही, गिळगिळीत होतं. मिठाचं पाणी नको. आमच्याकडे केळं खाल्लं जातं ते शिकरणात, आणि शिकरणात लिंबू पिळलं की दूध फाटलं. अननसाचा रस केळ्याला फार चांगला धरतो पण दुधात अननस घातला की थोड्या वेळाने कडू होतं. तेव्हा शिकरणाला उपाय एकच, थंडगार दूध-साखर-वेलची आधी तयार ठेवायची आणि पानं वाढताना केळी चिरायची, चिरून थेट दुधात बुडवायची, कुस्करायची नाहीत. थंडीने एन्झाइम हळू चालतं, दुधाखाली हवा कमी लागते, आणि चकत्या केल्या की फक्त कापलेल्या कडेच्याच पेशी फुटतात, कुस्करलं की सगळ्याच. अर्धा तास छान राहतं. दोन तास ठेवायचं असेल तर शिकरण करू नये, फ्रूट सॅलड करावं, ज्यात दूध नाही, चार केळ्यांना अर्ध्या लिंबाचा किंवा एका संत्र्याचा रस हलक्या हाताने चोळून.

आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यातलं केळं. माझ्या सासूबाई केळं आधी कुस्करून वाटीत ठेवायच्या, रवा भाजून होईपर्यंत वाटीतलं केळं करडं, आणि शिरा किंचित काळपट. मी त्यांना म्हटलं, "आई, ह्या वेळी केळं शेवटी सोलूया का, तूप तापल्यावर?" रवा भाजून बाजूला काढला, कढईत तूप चांगलं तापवलं, आणि केळं सोलून चकत्या थेट तुपात. तुपाची उष्णता बटाट्याच्या उकळीसारखीच, एका मिनिटात एन्झाइम गेलं, मग कितीही कुस्करा. शिरा अगदी सोनेरी झाला. त्यांनी पहिल्यांदा काही म्हटलं नाही, पुढच्या पूजेला मात्र स्वतःच मला हाक मारली, "केळी सोलू का गं आता?"

केळ्याची साल फ्रिजमध्ये काळी पडते तेही हेच, फक्त सुरीशिवाय. केळं उष्ण प्रदेशातलं, साधारण 13 डिग्रीच्या खाली गेलं की सालीतले पेशींचे पडदे थंडीनेच खराब होतात, दोन्ही खोल्यांतलं एकत्र होतं आणि साल काळी होते, डोपामिन सालीतच जास्त असल्यामुळे तर खूपच. पण आतला गर बरेचदा चांगला पांढरा असतो. आमच्या कामवाल्या ताई अशी केळी टाकायला निघाल्या होत्या, मी एक सोलून त्यांना दाखवलं, आम्ही दोघींनी ते उभ्या उभ्याच खाल्लं.

बटाट्याबाबत एक राहिलं. उपासाचा कीस करायचा तर बटाटा कच्चा किसतात आणि तो तीन मिनिटांत गुलाबी होतो, कारण किसणीवर चकतीपेक्षा किती तरी जास्त पेशी फुटतात. तिथे मी आता बटाटा थेट मोठ्या पातेल्यातल्या गार पाण्यात किसते, पाणी एकदा बदलते, मग मुठीत घट्ट पिळून लगेच जिरं-मिरची घातलेल्या तापलेल्या तुपात. पिळून झाल्यावर फोन वाजला तर तो घेत नाही. पिळलेला कीस म्हणजे पाणी गेलेलं, हवा आत गेलेली आणि एन्झाइम जिवंत, त्याला पाच मिनिटंही पुरतात.

यंदा आत्याने वेफर्सचा अर्धा डबा मला दिला, आणि वर एका पिशवीत मागच्या वर्षीच्या त्या राखाडी चकत्याही. तिने टाकल्या नव्हत्या. तळल्यावर चवीला काहीच फरक नाही, फक्त तळलेल्या प्रत्येक चकतीच्या मधोमध तो गोल अजून दिसतो.